जुलाबाची गोळी: लोपेरामाइड कधी घ्यावी, किती घ्यावी आणि कधी हातही लावू नये

पावसाळा सुरू झाला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दिवसातून पाच-सात वेळा एकच वाक्य ऐकू येतं: "भाऊ, जुलाब थांबवायची कडक गोळी द्या." मागणाऱ्याला बहुतेक वेळा लोपेरामाइडच हवी असते. दोन मिलिग्रॅमची ती छोटीशी गोळी किंवा कॅप्सूल. तिच्या चार-पाच नावांच्या पट्ट्या माझ्याकडे असतात, पण मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नाव एकच असतं.

औषध चांगलं आहे. नीट वापरलं तर रात्रीचा प्रवास, परीक्षेचा दिवस, कोर्टातली तारीख निभावून नेतं. मात्र ही गोळी जुलाब बरे करत नाही, संडासाच्या फेऱ्या कमी करते. आजार पोटातच असतो आणि त्याचं त्याचं काम करत असतो. या एका फरकाचा विसर पडला की बाकीच्या चुका आपोआप होतात.

गोळी पोटात गेल्यावर काय करते

आपल्या आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं एक जाळं असतं. अन्न पुढे ढकलणाऱ्या लाटा तेच चालवतं. लोपेरामाइड त्या जाळ्याला शांत करते. लाटा मंदावतात, मल आतड्यात जास्त वेळ थांबतो आणि त्यातलं पाणी शोषायला शरीराला अवधी मिळतो. गुदद्वाराचा स्नायूही थोडा घट्ट होतो, म्हणून "आत्ताच्या आत्ता पळायला हवं" ही घाई कमी होते.

हे औषध अफूच्या कुळातलं आहे. जुलाबावर अफूची मात्रा देण्याची रीत आपल्याकडे जुनीच होती, आणि तिने जुलाबाबरोबर माणूसही गुंगून जायचा. बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीने १९६९ मध्ये लोपेरामाइड तयार केली. तिची खुबी अशी की नेहमीच्या मात्रेत ती मेंदूपर्यंत जवळपास पोचत नाही. मेंदूच्या वेशीवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं एक प्रथिन पहाऱ्याला असतं, ते तिला परत बाहेर ढकलतं. शिवाय पोटातून आलेल्या औषधाचा मोठा भाग यकृतच मोडून टाकतं. म्हणून चार मिलिग्रॅम घेतल्यावर माणसाला नशा चढत नाही. पण पहारेकरी आणि यकृत या दोघांनाही मर्यादा आहेत. मात्रा वाढवत नेली, किंवा त्यांना अडवणारं दुसरं औषध चालू असलं, तर हिशेब बदलतो. त्याकडे पुढे येतोच.

परिणाम दिसायला साधारण एक तास लागतो, कधी जास्त. ही गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण वीस मिनिटांत फरक पडला नाही म्हणून दुसरी, मग तिसरी गोळी घेणारे पुष्कळ. आणि रक्तातलं औषध अर्ध्यावर यायला दहा-अकरा तास जातात. घाईघाईने घेतलेल्या गोळ्या अशा एकावर एक साचत राहतात.

पट्टी फोडण्याआधीची तीन मिनिटं

आधी संडासात काय पडलं ते बघायचं. लाजायचं नाही, नाक मुरडायचं नाही. मल पातळ, पिवळट-तपकिरी आणि पाण्यासारखा असेल तर पुढे जाता येतं. त्यात लाल रक्त दिसलं, मल डांबरासारखा काळा झाला, किंवा शेंबडासारखी आव आणि सोबत जोराचा मुरडा असेल, तर लोपेरामाइड घ्यायची नाही. अशा वेळी जंतू आतड्याच्या अस्तरात घुसलेले असू शकतात. त्यांना आणि त्यांच्या विषाला बाहेर काढण्याचं काम जुलाबच करत असतो. गोळीने वाट अडवली की तेच विष आत जास्त वेळ मुक्काम करतं.

मग थर्मामीटर लावायचा. कपाळाला हात लावून चालत नाही. जुलाबाने गळून गेलेल्या माणसाचं कपाळ थंड लागतं आणि आत ताप असतो. पारा १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर गोळी नाही, डॉक्टर.

तिसरं म्हणजे पोटावर हात फिरवायचा. पोट मऊ असेल, अधूनमधून गुरगुरत असेल, तर ठीक. पोट फुगून टणक झालंय, वारा सरत नाही, हात लावला की कळ येते, असं असेल तर आतडं आधीच मंदावलेलं असण्याची शंका घ्यावी. त्याला आणखी मंद करणारं औषध देणं म्हणजे ठप्प पडलेल्या रस्त्यावर अजून एक नाकं उभारणं.

आणि एक चौथा प्रश्न, जो लोक सांगायला विसरतात: गेल्या दोन-तीन महिन्यांत प्रतिजैविकांचा कोर्स झाला का? मध्यंतरी एक मावशी आल्या. दाढ काढली होती, आठ दिवस गोळ्या घेतल्या होत्या, त्या संपून चार दिवस झाले होते. आता दिवसातून आठ-नऊ वेळा पाण्यासारखे जुलाब, वर हलकी कणकण. "दाताचा आणि पोटाचा काय संबंध?" असं त्या म्हणाल्या. संबंध आहे. प्रतिजैविकांनी आतड्यातले चांगले जंतू मेले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू तिथे बळावू शकतो. त्याचं विष मोठ्या आतड्याला सुजवतं. अशा आतड्याला लोपेरामाइडने थांबवलं तर ते फुगून जिवावर बेतू शकतं. मी त्यांना गोळी दिली नाही, ओआरएस दिलं आणि मलाची तपासणी करून घ्यायला डॉक्टरांकडे पाठवलं. त्या जरा रागावूनच गेल्या.

पाणी आधी, गोळी नंतर

जुलाबात माणूस दगावतो तो फेऱ्यांनी नाही, अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून लोपेरामाइड घ्या किंवा न घ्या, ओआरएस सुटत नाही. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं पाकीट २०० मिलिलिटर पाण्यात, म्हणजे एका पेल्यात. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, कमी नाही, जास्त नाही. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून पिणारे मी पाहिले आहेत. इतकं दाट पाणी आतड्यात उलट आणखी पाणी ओढून आणतं आणि जुलाब वाढतात. पाकीट मिळालंच नाही तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्याचा नाही.

प्रत्येक पातळ जुलाबानंतर एक-दोन पेले, घोट घोट. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने सुरू करायचं. ताक, पेज, मऊ भात चालतो. खोक्यातलं गोड फळांचं पेय म्हणजे ओआरएस नव्हे, त्यात साखर फार असते.

पाणी पुरतंय की नाही हे लघवीवरून कळतं. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा झाली ती गडद चहासारखी, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, जीभ कोरडी पडली आहे, तर घरी बसून गोळ्या मोजण्याची वेळ गेली.

भाताच्या पेजेवरच्या पाण्यासारखे पांढरट जुलाब भराभर होऊ लागले, आणि गावात आणखी कुणाला तसंच झालं असेल, तर कॉलऱ्याची शंका घ्यावी आणि लोपेरामाइड बाजूला ठेवावी. इथे गोळीचा धोका जरा वेगळा आहे. फेऱ्या थांबलेल्या दिसतात, घरच्यांना हायसं वाटतं, पण पाणी अंगातून आतड्यात झिरपतच राहतं आणि तिथे साठतं. माणूस आतल्या आत सुकत जातो आणि बाहेर काहीच दिसत नाही.

मात्रा: चार गोळ्या, दोन दिवस

प्रौढ माणसाने पहिल्यांदा दोन गोळ्या, म्हणजे चार मिलिग्रॅम. त्यानंतर प्रत्येक *पातळ* जुलाबामागे एक गोळी, दोन मिलिग्रॅम. पोट गुरगुरलं म्हणून नाही, भीती वाटली म्हणून नाही, तासाभराने ठरवून नाही. प्रत्यक्ष पातळ जुलाब झाला तरच.

स्वतःच्या जबाबदारीवर घेताना २४ तासांत जास्तीत जास्त चार गोळ्या, म्हणजे आठ मिलिग्रॅम. कुठे तुम्ही १६ मिलिग्रॅम वाचाल, म्हणजे आठ गोळ्या. तो आकडाही खराच आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीतला आहे. आतड्याच्या जुनाट विकारात किंवा केमोथेरपीच्या जुलाबांत डॉक्टर याहून वेगळा हिशेबही सांगतात. तो आपल्या लग्नाच्या जेवणाने बिघडलेल्या पोटाला लावायचा नसतो.

आणि दोन दिवस. ४८ तासांत आराम नसेल तर तिसऱ्या दिवशी गोळी चालू ठेवायची नाही, तपासून घ्यायचं. मल घट्ट झाला, किंवा बारा तास जुलाबच झाला नाही, तर त्याआधीच बंद. "कोर्स पूर्ण करायचा" हा नियम या औषधाला नाही.

एक उदाहरण पूर्ण सांगतो, म्हणजे मोजणी कशी करायची ते कळेल.

चौतिशीतला एक मुलगा, धान्याच्या दुकानात कामाला, दुपारी एक वाजता लग्नात जेवला. पाचपासून जुलाब, साडेआठपर्यंत चार वेळा, पाण्यासारखे. रात्री दहाला पुण्याहून नांदेडची बस, सकाळी तिथे वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ताप नाही, मी काउंटरवरच थर्मामीटर लावून बघितला, ९८.२. रक्त नाही, आव नाही. पोट मऊ. लघवी सातला झाली होती. दुसरं कसलंही औषध चालू नाही, हृदयाचा त्रास नाही. गोळी देण्याजोगा माणूस.

मी त्याला पट्टी दिली आणि बिलाच्या मागे चार चौकोन काढून दिले. प्रत्येक गोळीला एक चौकोन, त्यात वेळ लिहायची. चौकोन संपले की गोळ्या संपल्या.

पावणेनऊला त्याने दोन गोळ्या घेतल्या. दोन चौकोन भरले. सोबत ओआरएसची लिटरची बाटली. स्टँडवर दहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा पातळ जुलाब झाला, तिसरी गोळी, तिसरा चौकोन. बस सुटल्यावर पावणेअकराला पोटात मुरडल्यासारखं झालं. त्याने मला फोन केला, "अजून एक घेऊ का दादा?" जुलाब झालाय का, विचारलं. नाही म्हणाला. मग नाही, ओआरएसचे घोट घे. मध्यरात्री ढाब्यावर लघवी झाली, फिकट रंगाची. हे मला गोळीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी बस थांबली तेव्हा एक छोटा पातळ जुलाब, चौथी गोळी. चौकोन संपले.

इथे बहुतेक जण चुकतात. तारीख बदलली म्हणून नवा दिवस सुरू झाला असं समजतात. मोजणी कॅलेंडरने होत नाही, पहिल्या गोळीपासून २४ तासांनी होते. म्हणजे त्याला त्या रात्री पावणेनऊपर्यंत एकही गोळी घ्यायची नव्हती, जुलाब झाला तरी. पावणेदहाला नांदेडात त्याला अर्धवट घट्ट झाला, मग दिवसभर काही नाही. पाचव्या गोळीची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी बद्धकोष्ठ झालं म्हणून तक्रार मात्र आली. हे होतंच, एक-दोन दिवसांत सुटतं, त्यावर लगेच रेचक घ्यायचं नसतं.

या गोळीने काहींना तोंड कोरडं पडणं, पेंग येणं, चक्कर येणं असंही होतं. तो मुलगा बसमध्ये झोपणार होता म्हणून ठीक. स्वतः गाडी चालवत असता, तर मी आधी तासभर थांबवून बघितलं असतं.

हृदयाची गोष्ट

आता मघाशी अर्धवट सोडलेला धागा. लोपेरामाइड रक्तात फार जास्त झाली तर हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय बिघडते. ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर लांबतं, आणि ते फार लांबलं तर हृदय अचानक वेडंवाकडं धडधडू लागतं, माणूस बेशुद्ध पडतो, दगावूही शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आणि नंतर तिथे एका पाकिटात किती गोळ्या विकायच्या यावर बंधन आणलं. बहुतेक प्रकरणं ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट घेणाऱ्यांची होती. चार गोळ्यांत राहणाऱ्या निरोगी माणसाने घाबरायचं कारण नाही.

पण "निरोगी" हा शब्द जपून वापरायला हवा. ज्याची क्यूटी आधीच लांब आहे, ज्याला हृदयाच्या लयीचा विकार आहे, जो अमिओडॅरोन किंवा सोटालोलसारखी औषधं घेतो, त्याने लोपेरामाइड स्वतःहून घेऊ नये. जुलाबात पोटॅशियमही जातं, आणि पोटॅशियम कमी झालं की लय बिघडायला आणखी मदतच होते. लघवीची गोळी चालू असलेल्यांना हे विशेष लागू.

दुसरा गट म्हणजे लोपेरामाइडला मोडू न देणारी, किंवा मेंदूच्या वेशीवरून हटू न देणारी औषधं. बुरशीवरचं इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, चरबी कमी करणारं जेमफायब्रोझिल, एचआयव्हीवरचं रिटोनाविर, हृदयाचं क्विनिडीन. यातलं काही चालू असेल तर तीच चार गोळ्यांची मात्रा आत जास्त भरते. आजकाल अंगावरच्या गजकर्णासाठी महिनाभर इट्राकोनॅझोल घेणारे खूप आहेत, आणि "त्वचेची गोळी" म्हणून ती सांगायचं त्यांच्या डोक्यातही येत नाही. यकृताचा आजार असलेल्यांचंही तेच: मोडणारं यंत्रच थकलेलं.

आणि आपल्याकडचा खास गोंधळ. जुलाब झाले की एकाच वेळी तीन गोळ्या घेण्याची पद्धत: उलटीची, जंतूंची आणि ही थांबवायची. उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन, प्रतिजैविकांतली सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, ही सगळी थोड्याफार प्रमाणात क्यूटी लांबवू शकतात. तरुण माणसाला एखाद्या मात्रेने बहुधा काही होत नाही, पण साठीच्या पुढच्या आणि हृदयाची औषधं चालू असलेल्या माणसाला असं मिश्रण शेजाऱ्याच्या सल्ल्याने देऊ नये. शिवाय साध्या पाण्यासारख्या जुलाबांना प्रतिजैविकाची बहुतेक वेळा गरजच नसते. डायफिनॉक्सिलेट आणि ॲट्रोपीनची जुलाबाची जुनी गोळी घरात पडली असेल तर तीही लोपेरामाइडसोबत नाही. दोघी एकाच कामाच्या आहेत.

आणखी काही जण, ज्यांना मी ही पट्टी देत नाही

मोठ्यांची पट्टी मुलांना तोडून द्यायची नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला तर हे औषध वर्ज्यच आहे, त्याच्याने श्वास मंदावू शकतो आणि आतडं बंद पडू शकतं. मुलाला जुलाब म्हणजे ओआरएस, झिंक आणि बालरोगतज्ज्ञ. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मोठ्या आतड्याला सूज आणणारा, व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस उसळलेला असेल तर नाही.

आणि म्हातारी माणसं. सत्तरीच्या एका आजोबांसाठी नातू गोळी न्यायला आला होता. विचारपूस केली तेव्हा कळलं, आधी पाच-सहा दिवस त्यांना साफ झालंच नव्हतं, आणि आता थोडं थोडं पातळ गळतंय. हा जुलाब नसतो. कडक मलाचा खडा आत अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ पाणी वाट काढतं. त्यावर लोपेरामाइड म्हणजे खडा आणखी घट्ट. त्यांना एनिमाची गरज होती, नातवाला मी तेच समजावलं.

गोळी घेतल्यावर कधी धावायचं

पोट फुगत चाललं, वारा बंद झाला, उलट्या सुरू झाल्या, रक्त दिसलं किंवा ताप चढला, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत धडधड, गरगरून पडणं, उठवूनही नीट न उठणं, श्वास मंद होणं, किंवा कुणी भरमसाठ गोळ्या घेतल्याचं कळलं, तर १०८ ला फोन. उलटी काढायच्या खटपटीत वेळ घालवू नका. सोबत रिकामी पट्टी घ्या, म्हणजे डॉक्टरांना किती गोळ्या गेल्या ते मोजता येईल. नॅलोक्सोन नावाचा उतारा रुग्णालयात असतो, पण त्याचा असर लोपेरामाइडच्या आधी ओसरतो, म्हणून तिथे बरं वाटल्यावरही काही तास निरीक्षणाखाली थांबवतात. "आता शुद्धीवर आलाय, नेतो घरी" म्हणून घाई करू नका.

नांदेडहून परतल्यावर तो मुलगा दुकानात आला होता. बिलाची चिठ्ठी खिशातच होती, घामाने मऊ झालेली, चारही चौकोनांत वेळा लिहिलेल्या. उरलेल्या सहा गोळ्यांची पट्टी मी बघितली, मुदतीची तारीख अजून लांब होती. ती घरच्या पेटीत ठेव म्हटलं, पण मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, आणि चिठ्ठी त्याच पट्टीला रबराने बांधून.